दोन व्यवहार, एकच रक्कम: अडकलेल्या यूपीआय पैशांची तक्रार

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात खानापूर तालुक्यातले आम्ही किराणावाले बेळगावच्या रविवार पेठेत दिसणारच. गूळ, रवा, खोबरं, तेलाचे डबे, साखर. नंदगडहून माझी फेरी ठरलेली, घाऊक व्यापारीही ठरलेले. त्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते, मीही म्हणतो. 19 ऑगस्ट 2025, मंगळवारी संध्याकाळी माल टेम्पोत चढला, बिल झालं 23,640 रुपये. काउंटरवरच्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला, पिन टाकला, आणि पडद्यावर पिवळं चक्र फिरत राहिलं. खाली लिहिलेलं होतं `Pending`. अण्णांचा स्पीकर काही बोलला नाही.

दोन-तीन मिनिटांत बँकेचा एसएमएस आला, पैसे वजा. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, पुढे खानापूरपर्यंत त्याला आणखी दोघांचा माल टाकायचा होता. अण्णा म्हणाले, "पैसे परत येतात हो, तुम्ही आता परत एकदा मारा, माल थांबवू नका." मी परत पाठवले. या खेपेला स्पीकर खणखणीत बोलला. म्हणजे माझ्या खात्यातून तीच रक्कम, त्याच दिवशी, त्याच दुकानाला, पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा गेली. पुढचा सगळा गोंधळ या एका गोष्टीने घातला.

एक मात्र बरं होतं. चक्र फिरत असतानाच अण्णांच्या मुलाने "त्या पडद्याचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर टाका" असं म्हटलं होतं आणि मी स्क्रीनशॉट काढला होता. `Pending`चा पडदा कायम राहत नाही. रात्री घरी येऊन ॲप उघडलं तर त्याच व्यवहारासमोर हिरवी खूण, `Successful`. अण्णांकडे पैसे नाहीत आणि माझ्याकडे यशस्वी. संध्याकाळचा स्क्रीनशॉट नसता तर हा व्यवहार कधी अडकला होता हे सांगायला माझ्याकडे शब्दाशिवाय काही उरलं नसतं.

ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तक्रारीचा पर्याय येतो. तिथे तयार कारणं असतात, त्यातलं "पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत" निवडलं. तक्रार क्रमांक आला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की व्यवहार यशस्वी आहे, रक्कम व्यापाऱ्याच्या खात्यात जमा झाली आहे, तक्रार बंद. खाली एक बारा आकडी क्रमांक दिलेला होता.

तो क्रमांक मी पासबुकातल्या नोंदीशी ताडून पाहिला. शेवटचे चार आकडे 7714. तो दुसरा व्यवहार होता, जो खरंच पोचला होता. म्हणजे तिकडे बसलेल्या माणसाने तारीख, रक्कम आणि दुकानाचं नाव बघून शोधलं, त्याला जमा झालेली नोंद सापडली, आणि त्याने तक्रार मिटवली. खोटं काही बोलला नाही बिचारा. त्याच्या पडद्यावर 23,640 रुपये अण्णांना मिळालेले दिसतच होते.

तेव्हा ठरवलं की आता तक्रार अशी मांडायची की वाचणाऱ्याला दुसऱ्या व्यवहारावर बोट ठेवायला जागाच राहू नये.

आधी क्रमांकांचा घोळ सोडवला. एका यूपीआय व्यवहाराला एकापेक्षा जास्त क्रमांक असतात हे दुकान चालवताना कधी लक्षात आलं नव्हतं, कारण कधी गरज पडली नव्हती. ॲपचा स्वतःचा एक क्रमांक असतो, तो फक्त त्या ॲपच्या लोकांना कळतो. मग एक लांबलचक, अक्षरं आणि आकडे मिसळलेला यूपीआय व्यवहार क्रमांक असतो. आणि तिसरा तो बारा आकडी, ज्याला कुठे UTR म्हणतात, कुठे RRN, कुठे नुसता संदर्भ क्रमांक. माझी बँक, अण्णांच्या क्यूआरची कंपनी आणि त्यांची बँक या तिघांच्याही वहीत सापडतो तो हाच. पासबुकात तो असा दिसतो (मधले आकडे मी झाकलेत):

```
UPI/DR/5231xxxx0392/...   23,640.00
UPI/DR/5231xxxx7714/...   23,640.00
```

दोन ओळी, एकच तारीख, एकच रक्कम, एकच नाव. वेळ छापलेली नाही. पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये तारीख येते, घड्याळ बहुतेकदा येत नाही. म्हणून या दोन ओळी वेगळ्या करायला त्या बारा आकड्यांशिवाय काहीच नव्हतं. सुरुवातीचे 5231 मात्र दोन्हीकडे सारखे. अनेक व्यवहारांत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. 19 ऑगस्ट हा 2025 चा 231 वा दिवस. सगळीकडे हे जुळेलच असं नाही, पण जुळलं तर एक फायदा होतो. चुकून गेल्या महिन्याच्या नोंदीवरचा क्रमांक उचलला असेल तर तिथल्या तिथे कळतं. आणि म्हणूनच "शेवटचे चार आकडे" बघायचे, पहिले चार बघून एका दिवसाचे व्यवहार वेगळे होत नाहीत.

पासबुक घेऊन बँकेत गेलो, तर काउंटरवरच्या मॅडमनी माझी सगळी गोष्ट शांतपणे ऐकली आणि कानडीत एवढंच म्हणाल्या, "यूटीआर नंबर कोडी सर." म्हणजे नंबर द्या. मी 0392 वाला क्रमांक दिला. त्यांनी तो टाकला, बघितलं, आणि मला सांगितलं की आमच्याकडून गेलेत, समोरच्या बाजूने जमा झाल्याची पक्की खूण मात्र इथे दिसत नाही, तुम्ही लेखी द्या. गोष्ट सांगायला मला बराच वेळ लागला होता, क्रमांक टाकायला त्यांना काहीच लागला नाही.

मग स्क्रीनशॉटकडे वळलो. दुकानदार म्हणून एक सांगतो, स्क्रीनशॉट दाखवला म्हणून मी स्वतः कुणाला माल देत नाही. पैसे भरल्याचा बनावट पडदा तयार करून देणारी ॲप्स फिरतात, आमच्या बाजारात एक-दोघांना तसा फटका बसलाय. तिकडच्या माणसालाही हे ठाऊक असतं. तेव्हा स्क्रीनशॉटचं काम पैसे गेल्याचं सिद्ध करण्याचं नाही. अमुक वेळी मला अमुक दिसलं, एवढंच तो सांगतो, आणि त्यासाठी त्यात वेळ दिसायला हवी. मी काढलेल्या पडद्यावर वरच्या पट्टीत 6:47 होते, नेटवर्कच्या काड्या होत्या, खाली रक्कम, दुकानाचं नाव, त्याचा यूपीआय आयडी, बारा आकडी क्रमांक आणि `Pending`. वरची पट्टी कापून "नीटनेटका" फोटो पाठवायची सवय अनेकांना असते, तीच पट्टी इथे कामाची होती.

अण्णांच्या मुलाकडे हाच फोटो व्हॉट्सअॅपवर गेला होता, त्याने तो मला परत पाठवला, म्हणाला, "काका, हाच जोडा की." दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. माझ्या गॅलरीतल्या मूळ फाइलचं नाव होतं `Screenshot_20250819-184731.png`, म्हणजे तारीख आणि सेकंदासकट वेळ नावातच. व्हॉट्सअॅपवरून आलेल्याचं नाव `IMG-20250819-WA0021.jpg`, वेळ गायब, आणि बारीक अक्षरं पुसट. 0392 मधला 9 वाचायला मला चष्मा पुसावा लागला. त्यामुळे मूळ फाइलच जोडली. मुलाकडून पुढे जे काही मागवलं ते "फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगून मागवलं. तसं पाठवलं की फाइल दाबली जात नाही आणि नावही टिकतं.

व्यवहाराच्या तपशिलाचा दुसरा स्क्रीनशॉट काढला, ज्यात आता `Successful` होतं आणि तिन्ही क्रमांक एका पडद्यात बसत होते. एकाच व्यवहाराची संध्याकाळची एक अवस्था आणि रात्रीची दुसरी. व्यवहाराची वेळ दोन्हीकडे 6:47 वाजताची. तो बदल कधी झाला हे मला माहीत नव्हतं. मी फक्त कधी बघितलं तेवढं लिहिलं.

एसएमएसच्या बाबतीत एक बारकावा निघाला. पैसे वजा झाल्याचा संदेश माझ्या मोबाइलवर 6:50 ला आलेला दिसत होता. हीच वेळ व्यवहाराची म्हणून लिहिली असती तर ती दोन्ही व्यवहारांच्या बरोबर मध्ये पडली असती, कारण दुसरा व्यवहार 6:52 चा. संदेशावर बोट दाबून धरून तपशील उघडला तर पाठवल्याची वेळ वेगळी आणि मिळाल्याची वेगळी. पाठवला होता 6:47 ला. पेठेतल्या गर्दीत नेटवर्क अडकतं हे काही नवल नाही, आमच्या नंदगडकडे तर संदेश अर्ध्या-अर्ध्या तासाने येतात. तेव्हा लिहायची ती पाठवल्याची वेळ. तो तपशिलाचा पडदाही जोडला.

इथपर्यंत सगळं माझ्या बाजूचं झालं. पण माझ्या बाजूचे कितीही कागद जोडले तरी "अण्णांना मिळाले नाहीत" हे मी कसं दाखवणार? ते अण्णांच्याच ॲपमधून यायला हवं होतं, आणि हे काम थोडं नाजूक. व्यापारी आपला हिशेब कुणाला दाखवत नाही. मुलाला समजावून सांगितलं की मला दिवसाचा धंदा नको, फक्त साडेसहा ते सातमधली यादी हवी. त्याने तारीख लावून यादी उघडली. 6:44 ला कुणाचे तरी आठशे रुपये, त्याच्या लगेच वर 6:52 ला माझे 23,640, शेवट 7714. मधे काही नाही. दोन नोंदी एकमेकींना चिकटून दिसत असल्यामुळे 6:47 ची जागा रिकामी आहे हे आपोआप दिसत होतं. नुसता "0392 शोधला, सापडला नाही" असा पडदा दिला असता तर "नीट शोधला का" असं विचारायला वाव राहिला असता. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव त्याने काळ्या पट्टीने झाकलं, वेळ आणि रक्कम उघडी ठेवली. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीने त्यांच्या बँक खात्यात जी एकगठ्ठा रक्कम टाकली, तिचा अहवालही त्याने काढून दिला. क्यूआर कंपन्या अनेकदा दिवसाची जमा एकत्र करून पाठवतात, त्यामुळे दुकानाच्या ॲपमध्ये नसलेले पैसे गठ्ठ्यात आलेले नाहीत ना, हेही बघायला लागतं. आले नव्हते.

आणखी एक काम त्याच्याकडून करून घेतलं, ते सगळ्यात उपयोगी ठरलं असं मला वाटतं. त्याच 0392 वर त्यानेही आपल्या क्यूआर कंपनीकडे तक्रार टाकली. मी त्या कंपनीचा गिऱ्हाईक नाही, मला ते दाराशीही उभं करत नाहीत. तो आहे. आता एका क्रमांकावर दोन्ही टोकांनी तक्रार उभी होती, आणि त्याचा तक्रार क्रमांक मी माझ्या अर्जात लिहिला.

अर्ज ईमेलने दिला, पत्ता बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतला. इंटरनेटवर "कस्टमर केअर" शोधून मिळालेल्या नंबरांवर फोन करायच्या भानगडीत पडलो नाही. तिथे बसलेली माणसं स्क्रीन शेअर करा म्हणतात आणि उरलंसुरलं खातं रिकामं करतात. अर्जासोबत काय द्यायचं नाही हेही तितकंच पक्कं होतं: पिन, ओटीपी, कार्डाचा पूर्ण क्रमांक. तक्रार सोडवायला यातलं काही लागत नाही.

मजकूर इंग्रजीत लिहिला, कारण तो कुठल्या शहरात कोण वाचणार याचा भरवसा नव्हता. पुतण्याने आधी लिहून दिलेला अर्ज पानभर होता. त्यात टेम्पो होता, गणपती होता, "अनेक वर्षांचा प्रामाणिक ग्राहक" होता. मी ते सगळं काढलं. उरलं ते मराठीत साधारण असं:

"19/08/2025 रोजी एकाच दुकानाला 23,640 रुपयांचे दोन व्यवहार झाले. तक्रार फक्त पहिल्याची आहे. पहिला: 18:47, क्रमांक शेवट 0392, खात्यातून वजा, दुकानदाराला मिळाला नाही. दुसरा: 18:52, क्रमांक शेवट 7714, दुकानदाराला मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. आधीची तक्रार दुसऱ्या व्यवहाराचा क्रमांक देऊन बंद केली गेली. पहिल्या व्यवहाराची रक्कम दुकानदाराकडे जमा झाली असल्यास जमा झाल्याची तारीख व खाते कळवावे, नसल्यास परत करावी."

खरे क्रमांक अर्थातच पूर्ण लिहिले, आणि ॲपमधल्या कॉपीच्या खुणेवरून उचलून चिकटवले. त्या लांब यूपीआय क्रमांकात शून्य आणि इंग्रजी ओ शेजारी शेजारी येऊ शकतात, हाताने लिहायला गेलं की हमखास गडबड. क्रमांक स्क्रीनशॉटमध्ये आहेतच की, परत कशाला लिहायचे, असं पुतण्या म्हणाला. पण चित्रातला क्रमांक तिकडच्या माणसाला बघून टंकावा लागतो, मजकुरातला तो उचलून थेट शोधात टाकतो. जोडलेल्या फाइलींची नावंही बदलून 1, 2, 3 केली नाहीत. मूळ नाव तसंच ठेवून पुढे "0392-पेंडिंग", "0392-तपशील", "दुकान-यादी" एवढं इंग्रजीत जोडलं.

दुसऱ्या व्यवहाराचा उल्लेख आपण होऊन करावा की नाही, यावर घरात वाद झाला. बायको म्हणाली, "त्यांना कशाला सांगायचं, उगीच परत घोळ करतील." मला उलट वाटत होतं. घोळ न सांगितल्यानेच झाला होता, ती नोंद त्यांना सापडणारच, मग ती कोणती आणि तिच्यावर माझं म्हणणं काय हे आधीच लिहिलेलं बरं.

शेवटच्या ओळीत नियमाचा आधार दिला. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून वजा झाले आणि दुकानदाराकडे पोच आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांना हीच मुदत एक दिवसाची. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, बँकेच्या सुट्ट्या वगळून नाही. माझी मुदत 24 ऑगस्टला, रविवारी संपत होती. अर्ज गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. नियम लिहिल्याने कुणी घाबरतं असं नाही, पण तारीख लिहिली की फाइल पुढे सरकवणाऱ्याला कोणत्या रकान्यात टाकायची ते कळतं.

अर्जाची पोच म्हणून नवा तक्रार क्रमांक आला, तो तारखेसकट वहीत लिहिला. इथे वेळेची नोंद वेगळ्या कारणाने लागते. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि ते तीस दिवस मोजायला बँकेकडे तक्रार पोचल्याची तारीख दाखवावी लागते. माझी वेळ तिथपर्यंत आली नाही.

या खेपेला उलट प्रश्न आला नाही. गणेश चतुर्थी 27 ला, त्या दिवशी बँक बंद, दुकानात मात्र उभं राहायला फुरसत नाही. 29 ला दुपारी एसएमएस आला, 23,640 जमा. पासबुक भरून आणलं तेव्हा नोंद अशी:

```
UPI/REV/5231xxxx0392/...   23,640.00
```

शेवट 0392. हे आवर्जून बघितलं, कारण चुकून 7714 उलटला असता तर अण्णांच्या खात्यातून पैसे परत गेले असते आणि नवीनच तंटा उभा राहिला असता. अण्णांच्या मुलाला फोन करून त्याच्या यादीतला 7714 जागेवर असल्याची खात्री केली, आणि त्याने आपली तक्रार मागे घेतली.

भरपाई आपोआप आली नाही. नियमाप्रमाणे ती न मागता यायला हवी. त्याच ईमेलच्या साखळीत चार ओळी लिहिल्या: मुदत 24, परत आले 29, उशीर पाच दिवस, 500 रुपये, सोबत पासबुकाच्या दोन नोंदी, वजा झाल्याची आणि परत आल्याची. नवीन तक्रार केली नाही, कारण नव्या तक्रारीत सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. पुढच्या आठवड्यात 500 जमा झाले. त्या नोंदीत कशाचे पैसे ते काहीच लिहिलेलं नाही, म्हणून आमच्या हिशेबनीसासाठी तिच्यापुढे पेनने तक्रार क्रमांक आणि 0392 लिहून ठेवलंय.